आठ ग्लासांचा जग

सासूबाई दवाखान्यातून घरी आल्याला आठवडा झाला होता आणि त्यांच्या पोटात धड काही जात नव्हतं. दोन घास खाल्ले की ताट बाजूला. डॉक्टर म्हणाले, निदान काहीतरी प्यायला द्या. मामंजींनी रोज लस्सीचा एक ग्लास करून दिला आणि रोज तो तसाच परत आला.

"एकटीला पीत बसायचा कंटाळा येतो तिला," ते म्हणाले. "रविवारी सगळ्यांना बोलाव. जग भरून करतो."

रविवारी दुपारी दोनलाच ते ओट्यापाशी हजर. ग्लासाला पाऊण वाटी दही, पाव वाटी आंब्याचा गर, दोन चमचे साखर, बर्फाचे तीन खडे. सगळ्याला आठाने गुणून कागदावर लिहिलेलं. सहा वाट्या दही झालं, दोन वाट्या गर झाला आणि आता चोवीस खडे जगात टाकायला निघाले. मंडळी येणार पाचला.

माझं डोकं फिरलं. "मामंजी, पाचपर्यंत त्याचं पाणी होईल. बर्फ शेवटी, ग्लासात."

"मग गार कशी होणार?"

"फ्रिज शोभेला ठेवलाय का?"

त्यांनी खडे फ्रिजमध्ये परत ठेवले. मलाच वाईट वाटलं. म्हटलं, साखर तुम्ही घाला, पण गर डब्यातला आहे, आधीच गोड. दहा चमच्यांवर त्यांनी चाखलं, अकरावा घातला आणि उरलेले पाच साखरेच्या डब्यात परत टाकले. मग एवढं मन लावून घुसळलं, की दह्याची एक गुठळी राहिली नाही.

पाचला नणंद, तिचा नवरा, दोन्ही मुलं आणि शेजारच्या काकू आल्या. आम्ही दोघं नवराबायको होतोच. मी ग्लासांत खडे टाकले, मामंजींनी स्वतः ओतलं. सासूबाईंच्या ग्लासापाशी जग रिकामा झाला. ते दाराला टेकून त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

सासूबाईंनी पलंगावर बसल्या बसल्या ग्लास उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"तुमचा कुठाय?"

मामंजी गडबडले. "मी... मोजताना धरलंच नाही मला."

"आठवडाभर असंच चाललंय," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "ग्लास माझ्या हातात देतात आणि समोर उपाशी उभे राहतात. घशाखाली कसं उतरेल?"

मी रिकामा ग्लास आणला. सासूबाईंनी अर्धी लस्सी त्यात ओतली, थोडी चादरीवर सांडली. मामंजी पलंगावर टेकले. त्यांनी पहिला घोट घेतला, तेव्हाच सासूबाईंनी घेतला.

त्यांचा ग्लास रिकामा झाला. तळाचा बर्फही त्यांनी चोखला.

"उद्यापासून दोन ग्लासांचं माप घ्या," त्या म्हणाल्या.