विहिरींचा शेवटचा आकडा

साहेबांनी लाल शाईने गोल काढला होता तो ओळीने आलेल्या चार चारांभोवती. ६.३४, ११.७४, ८.०४, ५.९४. एकाखाली एक चार विहिरी, आणि चौघींच्या शेपटाला चारच. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: घरी बसून भरले काय?

नोंदवही टेपवालीची होती. भूजल कार्यालयात लागून तिला दहा महिने झालेले. तिच्या वाटणीला चोवीस विहिरी. महिन्यातून एकदा सगळ्यांपाशी जायचं, पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप आत सोडायची, काठावर नेमका मीटरचा आकडा धरायचा आणि वर ओढून बघायचं, खडू कुठपर्यंत भिजला. धरलेल्या आकड्यातून भिजलेला वजा केला की पाणी किती खोल ते सेंटीमीटरपर्यंत कळतं. काम एवढंच, पण पायांचं आणि डोळ्यांचं. शुक्रवारी तिचा करार वाढवायचा की नाही ते ठरणार होतं, आणि साहेबांचं मन त्या लाल गोलात अडकलं होतं.

वही पडताळणीच्या बाईंकडे आली. सगळ्यांच्या नोंदी संगणकात चढवण्याआधी त्यांच्या हाताखालून जात. सोबत साहेबांनी दुसरी वही पाठवली, नमुना म्हणून. ती दादांची. दादा म्हणजे बाईंचे सख्खे थोरले भाऊ, कार्यालयातले सगळ्यात जुने मोजणीदार. अक्षर मोत्यासारखं, आकडे कसे छान विखुरलेले. साहेबांचा निरोप होता की खरी मोजणी कशी दिसते ते हिला दाखवा.

टेपवाली टेबलापाशी येऊन उभी राहिली. मावशी, मी गेले होते हो प्रत्येक विहिरीवर, एवढंच म्हणाली. तिच्या चपलेचा अंगठा शिवलेला होता, दोरा अजून पांढरा. बाईंनी तिला बसायला सांगितलं नाही, धीरही दिला नाही. म्हणाल्या, मोजू दे मला आधी.

आणि त्या मोजायला बसल्या. प्रत्येक नोंदीचा फक्त शेवटचा आकडा घ्यायचा. पाणी तीन मीटरवर आहे की तेरा, हे जमीन ठरवते. पण शेवटच्या सेंटीमीटरवर कुणाची सत्ता नसते. तिथे शून्यापासून नऊपर्यंत सगळ्यांना सारखी संधी. दहा महिने, चोवीस विहिरी, दोनशे चाळीस नोंदी. म्हणजे प्रत्येक आकडा साधारण चोवीस वेळा यावा. आणि वरच्या विहिरीचाच आकडा खालच्या विहिरीला पुन्हा येणं, हेही दहातून एकदा, म्हणजे चोवीसेक वेळा घडावं.

टेपवालीच्या वहीत पुनरावृत्ती निघाल्या सव्वीस. शून्यं बावीस, पाच पंचवीस वेळा. चार चारांची ती रांग एकटीच होती, आणि एवढ्या नोंदींत अशी एखादी रांग पडावी यात नवल काही नाही.

मग नमुना उघडला, त्याच दहा महिन्यांचा, तितक्याच नोंदींचा. दादांच्या वहीत पुनरावृत्ती निघाल्या तीन.

बाईंना वाटलं, आपलीच मोजदाद चुकली. पुन्हा मोजली. तीनच. शून्यं चार. पाच फक्त सात वेळा. सात मात्र एक्कावन्न वेळा, आणि त्याखालोखाल तीन हा आकडा. सुंदर पान होतं ते. एकही आकडा शेजाऱ्याला चिकटत नव्हता. लग्नाच्या पंगतीत भांडणारे पाहुणे दूरदूर बसवावेत, तसं कुणीतरी एकेकाला हात धरून बसवलं होतं.

त्यांना राग आला नाही, भीतीही लगेच आली नाही. आधी आलं ते कुतूहल, खाजेसारखं. माणूस असं का लिहितो? दुपारच्या सुट्टीत त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि मनाला येतील तसे शंभर आकडे लिहिले. शक्य तितकं बेशिस्त व्हायचं, असं ठरवून. मग चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या टाकल्या. एक काढायची, लिहायची, परत टाकायची, डबा हलवायचा. असे शंभर. डबा खुळखुळायला लागला तसे आजूबाजूचे लोक विचारू लागले, बाई, सोडत कसली? बाई म्हणाल्या, अकलेची.

डब्यातून पुनरावृत्ती निघाल्या अकरा, एके ठिकाणी तर ओळीने तीन नऊ. बाईंच्या डोक्यातून निघाल्या दोन. आणि सात सतरा वेळा. सात त्यांनाही आवडला होता तर. शून्य लिहिताना हात का आखडला, हे त्यांना आता आठवलं. शून्य दिसायलाच तयार माल वाटतं. पाच मधोमध बसलेला, तोही ठरवून बसवल्यासारखा. आणि एकदा आठ लिहिला की लगेच पुन्हा आठ लिहायची लाज वाटते. माणूस मागचं आठवतो आणि त्यापासून पळतो. चिठ्ठीला आठवण नसते. ती बिचारी दरवेळी नव्याने जन्मते.

मग त्यांनी कपाटातून दादांच्या जुन्या वह्या काढल्या. सहा वर्षांपूर्वीच्या वहीत दोनशे चाळीसला पंचवीस. पाच वर्षांपूर्वी तेवीस. खडबडीत, चिकटलेले, खरे आकडे. तसं करत करत अलीकडे येताना दोन वर्षांपूर्वीच्या एका पानावर पाऊलवाट एकदम गुळगुळीत झाली. त्या पानापासून पुढे सगळं विखुरलेलं. म्हणजे काय झालं, कधी झालं, हे कळलं होतं. का झालं, ते नव्हतं.

गुरुवारी त्या दादांबरोबर विहिरीवर गेल्या. कशाला उन्हात येतेस, दादा म्हणाले, टेबल रुसेल तुझं. बाई म्हणाल्या, कधीपासून पाहिलं नाही म्हणून.

दादांनी खडू फासला, टेप सोडली. टेप सरसरत आत गेली, तळाशी कुठेतरी पाण्याने तिला हळूच धरलं. काठावर त्यांनी नऊचा लाल आकडा नेमका धरला. तो मोठा असतो. वर ओढल्यावर मात्र त्यांनी टेप डोळ्यांपाशी नेली नाही. अंगठा नेला. अंगठ्याने ओल चाचपत वर आले, जिथे खडू कोरडा लागला तिथे थांबले, आणि वहीत लिहिलं: ८.४७.

बाईंनी टेप हातात घेतली. भिजल्याची रेघ सत्तावन्नवर होती. नवातून सत्तावन्न सेंटीमीटर गेले, आठ त्रेचाळीस.

 दादांनीच विचारलं, “किती?”

“त्रेचाळीस.”

“जवळ आहे की.”

“जवळ आहे, दादा. पण तुम्ही वाचलं नाही.”

दादा विहिरीच्या कठड्यावर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, जणू त्याने काही फरक पडणार होता. मग हळूहळू बोलले. दोन वर्षांपासून बारीक रेघा धुक्यात गेल्या आहेत. मोतीबिंदू असावा, दाखवलं नाही. दाखवलं तर टेबलाला बांधतील. वहिनीलाही सांगितलेलं नाही; तिला वाटतं, मी मुद्दाम तांदळातले खडे सोडतो. मीटर कळतो, ओल किती लांब ते चाचपून त्यापुढचा आकडाही कळतो, चुकला तर एखाद्याने. शेवटचा तेवढा मनाने घालतो.

बाईंनी विचारलं, मग शून्य का नाही घातलं? दिसत नव्हतं तर गोल करून टाकायचं.

“साहेब काय म्हणतात ठाऊक आहे ना? गोल आकडा म्हणजे घरी बसून भरलेला. मी तर उन्हातून इथवर येतो, अगं. घरी बसल्यासारखं कसं दिसू द्यायचं?”

खरं दिसावं म्हणून शोधून शोधून खरे दिसणारे आकडे घातले होते त्यांनी. बाईंना हसू आलं. विहिरीत खाली एक पाकोळी चकरा मारत होती. 

बाईंनी मग लाल गोलाची गोष्ट सांगितली. टेपवालीला उद्या काढणार आहेत, तुमच्या वहीसारखी तिची दिसत नाही म्हणून. दादांना हे माहीत नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं, माझ्यासारखी दिसत नाही म्हणून? मग टेप गुंडाळायला लागले, आणि गुंडाळून झाल्यावरही हात तसाच फिरत राहिला.

शुक्रवारी साहेबांच्या खोलीत बाई डबा घेऊन गेल्या. साहेब माणूस वाईट नव्हते. पटेल ते ऐकत, फक्त पटायला वेळ घेत. बाई म्हणाल्या, मी बाहेर जाते. एका कागदावर मनाने शंभर आकडे लिहा, दुसऱ्यावर डब्यातून. कुठला कुठला ते सांगू नका. साहेबांनी दार लावून घेतलं. पाऊण तास लागला. दारापाशी उभ्या टेपवालीने आतला खुळखुळाट ऐकून विचारलं, मावशी, साहेब काय करताहेत? बाई म्हणाल्या, खरेपणा शिकताहेत.

आत जाऊन त्यांनी दोन्ही कागदांवर एकेक नजर टाकली आणि डावीकडचा उचलला. हा तुमचा. साहेब थक्क झाले, मग मुलासारखे खूश झाले, मग विचारात पडले. डब्याच्या कागदावर ओळीने तीन आठ होते. हे मी बघितलं असतं तर खोटंच म्हटलं असतं, असं त्यांनी कबूल केलं. बाईंनी टेपवालीची मोजदाद पुढे ठेवली. दोनशे चाळीसला सव्वीस. साहेबांनी लाल गोलावर दोन आडव्या रेघा मारल्या आणि तिला आत बोलावून सांगितलं की करार वाढेल, आणि माझं चुकलं. ती थँक्यू म्हणायची विसरली.

मग साहेबांनी विचारायचं तेच विचारलं. आणि नमुन्याच्या वहीत किती?

बाईंच्या जिभेवर तीन हा आकडा तयार होता. तो उच्चारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दार लोटून दादा आत आले. कोपऱ्यात टोप्या काढून ठेवायच्या खुंटीकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, माझा शेवटचा आकडा धरू नका. मला तो दिसत नाही.”

 साहेबांनी नमुन्याची वही मिटली. रागवले ते शेवटी, पण हळू आवाजात, आणि डोळ्यांवर नाही, लपवण्यावर. दोन वर्षांच्या सगळ्या नोंदी फेकून द्याव्या लागतील का, असं त्यांनी बाईंकडे बघून विचारलं. बाई म्हणाल्या, नाही. मीटरचा मोठा आकडा त्यांना दिसतो. त्यापुढचा बोटांनी वाचलेला, जवळपास बरोबर. शेवटचा तेवढा कापा. पटत नसेल तर हिला त्याच विहिरींवर पाठवून या आठवड्याच्या नोंदी ताडून बघा. साहेब म्हणाले, पाठवतो. दादांना म्हणाले, तोवर टेपला हात नाही, आणि डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी सोमवारी माझ्या टेबलावर. आणि जे झालं ते तुमच्या हाताने लिहून वहीला लावा.

दादा बाईंच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लिहायला बसले. कागद नाकाशी नेऊन, एकेक अक्षर ठासून. टेपवालीने न सांगता पाण्याचा ग्लास आणून ठेवला. लिहून झाल्यावर कागद त्यांनी बहिणीकडे सरकवला, तपासायला.

बाईंनी वाचलं: दोन वर्षांच्या नोंदींत शेवटचा आकडा मी पाहून लिहिलेला नाही, अंदाजाने घातला आहे. अशा नोंदी सुमारे सहाशे.

“चोवीस विहिरी, चोवीस महिने,” बाई म्हणाल्या. “पाचशे शहात्तर होतात, दादा. तेच लिहा की.”

“एक-दोनदा आजारी होतो. एकदा टेप तुटली होती. नेमक्या किती, मोजल्या नाहीत मी,” दादा म्हणाले. “म्हणून सुमारे.”

बाईंनी दुरुस्तीला उचललेलं पेन खाली ठेवलं. कागदावर पडताळणीचा शिक्का मारला आणि तो वहीच्या पहिल्या पानाला डकवला.