उंची तीस फूट

माझ्या तोंडाला दम न्हाई. लालासाहेब तापला की बाप बघत न्हाई, पोरगं बघत न्हाई, असं आटपाडीच्या बाजारापातूर लोक बोलत्यात, आन खरं बोलत्यात.

वीरधवल माझा एकुलता एक. फौजेत इंजिनिअर पलटणीत नायक व्हता, पाण्याच्या लायनी टाकायचं काम. पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला आन धा गुंठ्याच्या पट्टीत डाळिंबाची ऐंशी रोपं लावून गेला. आठ वळी, वळीला धा झाडं. आमच्या बोअरला पाणी करंगळीएवढं आन लाईटीचा भरवसा न्हाई. म्हणून त्यानं सांगितलं, "आबा, खालच्या बांधाकडंला टेकाड हाय, त्यावर पाचशे लिटरची टाकी ठेवा. लाईट आली की भरायची. मग मोटरीबिगर पाणी आपल्या वजनानं झाडाला जाईल. जागा ठरली की टाकीच्या तळापासून पट्टीच्या खालच्या कडंपर्यंत किती उंची ते मोजून कळवा, म्हंजे मी हिशेब धाडतो."

टाकी बसवली. टाकीच्या बुडापासून पट्टीच्या कडंपातूर उतारावरनं सोल, म्हंजे दोर, धरला, मोजला, आन इनलँड पत्रावर लिवलं: उंची तीस फूट.

पंधरा दिसांत त्याचं पत्र आलं. 'तेहतीस फूट उंचीला एक किलो दाब मिळतो. तीस फुटाला नऊशे ग्रॅम धरा. पट्टी वरच्या टोकाला चार फूट चढते, तरी दाब पुरून उरेल. पाऊण इंची मेन पाईप घ्या, वळीला बारा एमएमची नळी, आणि प्रत्येक झाडाला थेंबथेंब पाणी सोडणारे, तासाला चार लिटरचे दोन ड्रीपर, खोडाच्या दोन्ही बाजूंना फूटभर अंतरावर.'

म्या विट्याला जाऊन गाळायच्या फिल्टरसकट सगळं आणलं, सांगितलं तसं जोडलं. कॉक सोडला. खालची झाडं भिजली, मधली जरा कमी. पण वळीच्या वरच्या टोकाची दोन-दोन झाडं, म्हंजे सोळा, कोरडी ठाक. ड्रीपरच्या तोंडावर थेंब यायचा आन तिथंच वाळायचा. महिन्यात पानं पिवळी पडली.

माझं डोकं सटाकलं. तिथंच बांधावर बसून लिवलं: 'टाकीपासून पट्टीपातूर तीस फूट मेन पाईप लागला, येवढ्या नळ्या लागल्या, आन वरची झाडं मराय लागली. तुझ्या गणिताला आग लागो. फौजेत हेच शिकवलं का तुला? येड्याच्या नादी लागलो.'

त्यावर जे पत्र आलं, त्याची पहिली वळ व्हती: 'आबा, चूक माझीच असेल. इतक्या लांबून गणित बसत नाही.'

म्या ते पत्र घेऊन नाथाजीच्या हॉटेलात गेलो. बाकड्यावर बसलो आन ती वळ मोठ्यानं वाचली. "बघा रं! लेकानं कबूल केलं. बाप येडा न्हाई!" लोक हसली. नाथाजी म्हणला, "आवं, पुढं काय लिवलंय ते तरी वाचा." म्या वाचलं, पण मनातल्या मनात. त्यानं लिवलं व्हतं, पुन्हा एकदा उंची मोजाल का. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत ऱ्हातं, त्यावरनं उभी उंची काढायची. उंची आठ फुटाच्या आसपास भरली, तर पत्राच्या पाठीमागं दुसरा नकाशा काढलाय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला मोजाय शिकवतोय व्हय? पत्र घडी घालून खिशात कोंबलं. त्याला जबाब म्हणून काही लिवलं न्हाई.

पुढच्या आठवड्यात तार आली. बर्फाचा कडा कोसळून तिघं गेली, त्यात आमचा.

लाकडाच्या पेटीतनं आणला त्याला. त्याचं काय सांगू.

चैताचं ऊन तापलं. सून दीपमाला रोज बोअरवरनं घागर भरायची आन त्या सोळा झाडास्नी घालायची. पार वाळून काडी झाली व्हती पोरगी. मला बघवंना, आन बघवंना म्हणून म्या तिच्यावरच वराडलो, "उपटून टाक ती सोळा! त्या नळ्याबी उपट. त्याचं गणितच चुकलंया, आता घागरी वाहून काय हुणार हाय?"

तिनं घागर खाली ठेवली. आमच्या घरात ती माझ्याम्होरं कवा बोलली न्हाई. म्हणली, "मामा, झाडं त्यांनी लावल्यात. उपटायची तर उपटू. पण त्यांनी मोजा म्हणून लिवलं हुतं, आधी मोजू. पत्र तुमच्या कोटात सापडलं मला."

नळी तिनंच आणली. मी पाच फुटी काठी धरून उताराच्या मधी उभा राहिलो, ती टाकीच्या बुडाशी. नळीतलं पाणी हाललं, थांबलं. तिच्या टोकाचं पाणी टाकीच्या बुडाशी, माझ्या टोकाचं काठीच्या शेंड्याला. पाच फूट. मग मी पट्टीच्या कडंला उतरलो, ती मी व्हतो तिथं आली. तीन फूट.

पाच आन तीन.

"आठ," ती म्हणली, आन नळी गुंडाळाय लागली.

म्या सोल उतारावरनं धरला व्हता. उंची न्हाई, म्या उताराची लांबी मोजली व्हती. पाण्याला लांबीचं काय पडलंय, ते उंची ओळखतंय. आठ फुटातली चार पट्टीच्या चढानं खाल्ली, राहिल्याली पाईपानं आन फिल्टरनं. थेंब यायचा कुठनं?

आन त्या पोराला ते कळलं व्हतं. माझ्याच पत्रावरनं. उंची बी तीस आन पाईप बी तीस, असं टाकी पट्टीच्या कडंच्या डोईवर उभी टांगली तरच हुतंय. आन वरचीच झाडं मरत्यात म्हणल्यावर आठाचा अंदाजबी त्यानं तिथनं काढला. कळूनबी त्यानं लिवलं, चूक माझी. बापाला खोटं पाडायचं न्हाई म्हणून. आन म्या ते हॉटेलात वाचून दावलं. मी तिथंच बांधावर बसून रडलो. दीपमालाबी रडली. पार दिस कलला तवा उठलो.

दुसरा नकाशा त्यानं झ्याक काढला व्हता. सव्वा इंची पाईप बांधाबांधानं वरच्या कडंला न्यायचा आन वळीच्या नळ्या तिथनं खाली उतरवायच्या. ड्रीपर काढायचे, त्याजागी झाडाला एकेक बारीक नळी, कारण कमी दाबाला तीच चालती. वरच्या झाडाला दोन फूट लांब, खाली येईल तशी वाढवत खालच्याला चार फूट, म्हंजे खाली दाब जास्त असला तरी पाणी सगळ्यांस्नी सारखं. शेवटाला लिवलं व्हतं: 'तासाला तीन लिटर पडले पाहिजेत. एकदा टोकाच्या झाडाखाली भांडं ठेवून मोजा, आणि मला कळवा.'

आमी दोघांनी आठ दिसांत जोडलं. वरच्या टोकाच्या झाडाखाली खड्डा केला, पातेलं ठेवलं, कॉक सोडला. पाणी आलं. तासानं दुधाच्या मापानं मोजलं. तीन लिटर, आन वर पावशेर. खालच्या टोकाला मोजलं, तिथंबी तेवढंच.

"मामा, बरोबर निघालं," दीपमाला म्हणली.

महिन्याभरानं झाडास्नी फूट आली तवा इनलँड आणलं आन नाथाजीच्या हॉटेलात त्याच बाकड्यावर बसून लिवलं. मग उभा राहिलो आन मोठ्यानं वाचलं. 'चिरंजीव वीरधवल यास आशीर्वाद. तीन लिटर आन वर पावशेर पडलं. सोळापैकी अकरा झाडं फुटली. तुझं गणित बरोबर व्हतं, मोजणी बापाची चुकली.'

कुणी हसलं न्हाई. नाथाजीनं चहा म्होरं ठेवला. पत्त्याची जागा तेवढी कोरी राहिली व्हती. त्याच्या पलटणीचा पत्ता मला अजून तोंडपाठ हाय.