न हलणारी खुर्ची

कामतघरच्या आमच्या कॅरम क्लबात लीगला सातच जण जमले, म्हणून आसावरीने समोरासमोर चार-चार खुर्च्या मांडल्या. सामना समोरच्याशी. कोपऱ्यातली आठवी, रिकामी खुर्ची जागची हलणार नाही. बाकीच्यांनी दर फेरीला गोलाकार एकेक जागा सरकायचं. रिकाम्या खुर्चीसमोर येईल त्याला सुट्टी.

पहिल्याच फेरीत सुट्टी आली गतविजेत्या सुश्रुतला. दिगंबररावांसमोर होत्या सरलाबाई, ज्यांचा सोंगटीआधी स्ट्रायकरच भोकात जातो. तरी दिगंबररावांचा जळफळाट.

"जावयासारखा बसलाय बघा."

"काका, सात फेऱ्यांत प्रत्येकाला एकेकदा सुट्टी आहे," आसावरी म्हणाली.

"पण ती खुर्ची हलत नाही ना? मग मला द्या. वयाने मोठा मी आहे."

"घ्या. तरी प्रत्येकाशी एकदाच खेळाल."

दिगंबरराव ऐटीत कोपऱ्यात बसले. त्यांची जुनी जागा रिकामी झाली, त्यामुळे सुट्टी गेली सरलाबाईंना, आणि दिगंबररावांसमोर आला सुश्रुत. पहिला बोर्ड त्याने एकाच पाळीत संपवला.

सरलाबाई शांतपणे चहा पीत होत्या. दिगंबरराव त्यांच्या कपाकडे बघत म्हणाले, "यांचे बरे लाड चाललेत."