साडीवाल्याच्या चौकातला बाण

शेषराव तोंडाचे फटकळ. एसटीच्या नव्या ड्रायव्हरांना शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले, आणि त्यांच्या शिव्या खाऊन तयार झालेली माणसं आज अकोल्यापासून वरूडपर्यंत गाड्या हाकत होती. रूपालीपुढे मात्र त्यांची जीभ जरा आवरतीच असे. अचलपूरकडची शेतकऱ्याची लेक, ट्रॅक्टरवर हात बसलेला, आणि त्यांच्या हाताखाली आलेली ही पहिलीच बाई. गाडी अशी चालवायची की मागच्या सीटवरच्या माणसाची डुलकी मोडू नये. शेषराव तिच्या तोंडावर कधी बोलले नसते, पण घरी बायकोजवळ रोज तिचंच कौतुक चालायचं.

एकच खोट होती. ती थांबायची फार. आधीच्या दोन्ही परीक्षांत परीक्षकांनी तोच शेरा मारला होता, 'विनाकारण थांबते, मागची वाहतूक अडवते.' आजची तिसरी परीक्षा शेवटची. आज नापास झाली की नोकरी गेली आणि ती परत गावाला.

म्हणून सकाळी आगारात गाडी पुसताना शेषरावांनी तिला बाजूला घेतलं. "हे पाय रूपाली, साडीवाल्याच्या चौकात डावीकडं वळा लागते. तिथल्या सिग्नलचा डावा बाण कईचाच बंद पडला हाय. प्रीतमनं शिट्टी मारली का गाडी काढजो. थांबू नोको, समजलं?"

"प्रीतम कोण, काका? ट्रॅफिकवाला हाय का?"

"तेच समज."

प्रीतम काही ट्रॅफिकवाला नव्हता. तो चौकातल्या मोठ्या साडीच्या दुकानाचा राखणदार होता. अंगात खाकी, गळ्यात शिट्टी. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या बाहेर काढून द्यायला त्याने कधीतरी रस्त्यावर येऊन हात केला, लोक थांबले, आणि गड्याला त्याची गोडी लागली. बाण बंद पडल्यावर तर त्याचं राज्यच आलं. आडवी वाहतूक ओसरली की तो शिट्टी फुंकायचा आणि डावीकडे वळणारे लाल दिव्याकडे न बघता सुटायचे. शेषराव त्यातलेच.

परीक्षक ढोले साहेब ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला फायलीवर कागद लावून बसले. शेषराव त्यांच्या मागच्या सीटवर. पहिल्या चौकात त्रिकोणी बेटाच्या कडेने डावीकडे वळायला वेगळी वाट काढलेली होती आणि वाटेच्या तोंडाशी पाटी होती, 'डावीकडे वळण मोकळे'. सिग्नल लाल होता, तरी रूपालीने आधीपासूनच डावी लेन धरून गाडी त्या वाटेवर घातली. वाटेच्या शेवटी वेग पार कमी केला, रस्ता ओलांडणाऱ्या दोन बायकांना आणि उजवीकडून येणाऱ्या रिक्षेला जाऊ दिलं, मग अलगद मिसळली. ढोले साहेबांनी काहीतरी लिहिलं. शेषरावांचा जीव भांड्यात पडला. पोरगी आज रंगात होती.

मग साडीवाल्याचा चौक आला. रूपाली डाव्या लेनमध्ये पहिलीच. दिवा लाल. तिने पांढऱ्या रेषेच्या अलीकडे गाडी उभी केली. इथे बेट नव्हतं, पाटी नव्हती. लाल दिव्याखाली डाव्या बाणाचं काळं भिंग तेवढं लटकत होतं.

थोड्या वेळात आडवी वाहतूक थांबली. प्रीतम रुबाबात पुढे आला, शिट्टी फुंकली आणि हात हलवला. चला.

रूपाली हलली नाही.

मागून हॉर्न सुरू झाले. प्रीतमने पुन्हा शिट्टी मारली, या खेपेला रागाने. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा हुकूम मोडला जात होता. एक मोटारसायकलवाला खिडकीखाली येऊन ओरडला, "ओ बाई, लेफ्ट फ्री असते! झोपल्या का?"

"काहून थांबल्या तुमी?" ढोले साहेबांनी पेन उघडलं.

शेषरावांनी ते उघडलेलं पेन बघितलं. तोच शेरा. तिसऱ्यांदा. आता हिला कसं सांगावं? परीक्षा चालू असताना शिकवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा दंडक त्यांना पाठ होता. त्यांनी समोरच्या सीटची दांडी आवळून धरली आणि मनातल्या मनात दोन खणखणीत शिव्या दिल्या. एक प्रीतमला, एक स्वतःला.

"साहेब, लाल हाय," रूपाली समोरची नजर न हटवता म्हणाली. "मोकळ्या वळणाची पाटी नाही, बाण पेटेल नाही. अन् शिट्टी मारून राहिला तो पोलीस नोहे. त्याच्या खिशावर दुकानाचं नाव हाय. पोलिसानं हात केला असता, तर लालावरही काढली असती."

"बाण बंद हाय तो. सगळ्यायले माहीत हाय."

"मंग तं हिरवा होईस्तोवरच थांबा लागते, साहेब."

तिच्या आवाजात ना उद्धटपणा होता ना भीती. ती नुसती समोर बघत होती, म्हणून शेषरावांनीही बघितलं. चारी बाजूंचे दिवे लाल होते, आणि डावीकडच्या रस्त्याच्या तोंडाशी पट्ट्यांवरून माणसं चालत होती. पलीकडच्या खांबावर चालणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र पेटलेलं होतं. एक म्हातारा नातीचा हात धरून सावकाश चालला होता. तोच मघाचा मोटारसायकलवाला बसच्या डावीकडून घुसला आणि करकचून ब्रेक मारत म्हाताऱ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. म्हाताऱ्याने त्याला झणझणीत वऱ्हाडीत ऐकवलं आणि नातीला घेऊन पुढे गेला. रूपालीने गाडी काढली असती, तर त्या पट्ट्यांवर आत्ता ही बस असती.

खांबावरचं माणसाचं चित्र लाल झालं. डावीकडच्या रस्त्यावरून येणारी वाहनं सुटली. आणि ते काळं भिंग हिरवं झालं. लाल दिव्याखाली लखलखीत हिरवा डावा बाण.

रूपालीने आरशात बघितलं, पट्टे रिकामे झालेत ना ते बघितलं आणि क्लच सोडला.

"अहो, लाल हाय!" ढोले साहेब अर्धे उठले. आता तर सरळ नापासच.

"बाण, साहेब. लालाच्या खाली पाहा."

ढोले साहेबांनी मान वाकवून काचेतून वर बघितलं आणि तसेच खाली बसले. बस अलगद वळली. शिट्टी ओठांत धरून प्रीतम त्या बाणाकडे आ वासून बघत राहिला.

उन्हाळ्यात कधीतरी सिग्नल दुरुस्त झाला होता. चालणाऱ्यांसाठी वेळ नवी घातली होती आणि बाण तिच्यामागे ढकलला होता. पण शिट्टीवर सुटणाऱ्या गावात बाण पेटेपर्यंत रेषेवर कोणी उरायचंच नाही, आणि मागून येणारे वर न बघता निघून जायचे. चांगला चालू दिवा सगळ्यांनी मिळून बंद ठरवला होता. शेषरावांना हसूही आलं आणि लाजही वाटली. पण त्याहून जास्त छाती भरून आली. एवढी परीक्षा डोक्यावर, एवढे हॉर्न मागे, आणि ही पोरगी जागची हलली नाही.

आगारात ढोले साहेबांनी कागदावर सही केली आणि एकच शब्द बोलले. "पास." मग जाता जाता थांबून शेषरावांना म्हणाले, "चांगली तयार केली हो तुमी."

ते गेल्यावर रूपाली खाली उतरली. इतका वेळ दाबून धरलेलं पाणी आता तिच्या डोळ्यांत आलं. "काका, तुमचं नाही ऐकलं मी. राग तं नाही आला?"

शेषरावांनी टोपी काढून उगाच झटकली. "गाडी चालवाले म्या शिकवलं तुले," ते म्हणाले. "थांबाले नाही शिकवलं. ते मले येतच नव्हतं."