साडेनऊ बाय चौदा

परत आलेले चष्मे अकरा होते. अकरा चष्मे म्हणजे बावीस काचा. त्यांतल्या अकरा बरोबर होत्या आणि अकरा चुकलेल्या. उजवी काच चुकलेले चष्मे सात, डावी चुकलेले चार. दोन्ही काचा चुकलेला चष्मा एकही नव्हता.

दुकानात डोळे तपासणाऱ्या मुलीने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि पेन्सिल कानावर खोचली. तिला रुजू होऊन तीनच महिने झाले होते, पण तिच्या खिशातली स्टीलची पट्टी सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. काउंटरवर बसणाऱ्या वहिनी, म्हणजे मालकांच्या भावजय, तिला तोंडावरच ‘फुटपट्टी’ म्हणायच्या.

चूक सगळीकडे एकच होती. नंबर उणे सव्वादोन हवा, तर काच अधिक सव्वादोनची. आकडा तोच, चिन्ह उलटं. अशा चष्म्यातून एका डोळ्याला जग नीट दिसतं आणि दुसऱ्याला धुकं. एक शिक्षिका तर जिन्यावरून पडता पडता वाचली होती.

संशयाला जागा फार नव्हती. मुलगी नंबर काढून कॉम्प्युटरवर भरायची. काउंटरवरून त्याचे दोन कागद निघायचे. आधी मागच्या कारखान्यासाठी लहान चिठ्ठी, मग गिऱ्हाइकासाठी अर्ध्या कागदावरचा अहवाल. कारखान्यात मामा चिठ्ठी बघून काच कापायचे, घासायचे, फ्रेममध्ये बसवायचे आणि शेवटी यंत्रावर नंबर मोजून चिठ्ठीशी ताडायचे. मामा नक्की कोणाचे मामा, हे दुकानात कोणालाच ठाऊक नव्हतं. मालकांच्या वडिलांच्या, म्हणजे थोरल्या मालकांच्या वेळेपासून, एकतीस वर्षं, ते त्या खोलीत होते.

“मामांचे डोळे गेलेत,” मालक आत येऊन हलक्या आवाजात म्हणाले. “तूच म्हणालीस ना परवा, काचा उलट्या येतायत म्हणून?”

“काचा उलट्या येतायत म्हणाले. मामांचं नाव नव्हतं घेतलं.”

“मग काय काचा आपणहून उलटतात?” त्यांनी शर्टाच्या खिशावर थाप मारली. खिशातून घडी घातलेला कागद डोकावत होता. “आज सहा वाजता देणार त्यांना. शनिवारपासून घरी आराम करा म्हणावं.”

खरं सांगायचं तर तिलाही मामांचाच संशय होता. पण आराम करायला सांगणं वेगळं आणि एकतीस वर्षांच्या माणसाच्या हातात कागद ठेवणं वेगळं. आणि एक गोष्ट तिला टोचत होती. डोळे गेलेला माणूस चुकला तर कसाही चुकेल. दरवेळी एकाच डोळ्याचं चिन्ह चुकतं आणि आकडा मात्र अचूक, हे कसं?

ती कारखान्यात गेली. मामा घासणीच्या चाकावर वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“या. साक्षीपुरावे गोळा करायला पाठवलंय वाटतं.”

“मामा, अकरा चिठ्ठ्या हव्यात. या नंबरांच्या.”

“तारेला आहेत. एकही फेकलेली नाही. मला ठाऊक होतं, कधीतरी कोणीतरी मागणार.”

खिडकीच्या गजाला वाकवलेली तार होती आणि तिच्यात चिठ्ठ्या खोचलेल्या. मुलीने अकरा शोधून काढल्या. अकराही चिठ्ठ्यांवर चुकलेल्या ओळीत उणे चिन्ह नव्हतं. नुसते आकडे होते.

“चिन्ह नाही, तरी तुम्ही अधिकची काच लावलीत?”

मामांनी चाक थांबवलं. “थोरल्या मालकांची पद्धत आहे बाई. अधिक लिहायचंच नाही, लिहायचं ते फक्त उणे. चिन्ह नाही म्हणजे अधिक. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी तो प्रोग्रामसुद्धा तसाच करून घेतला.”

“पण एक डोळा अधिक, एक उणे, याचं नवल नाही वाटलं?”

“असे डोळे असतात. दर वर्षी दोन-चार येतात. आणि मी चिठ्ठीवर शंका घ्यायला लागलो, तर तुम्हीच म्हणाल म्हातारा शहाणपणा करतो.” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “कॉम्प्युटर कोणाच्या हातात असतो ते बघा. मी नाव घेत नाही.”

त्यांच्या टेबलावर कात्री होती. मुलीची नजर तिकडे गेली आणि मामांनी ती नजर पकडली.

“घ्या, कात्रीही न्या. चिठ्ठीची कड कापून चिन्ह उडवतो मी, असंच ना?”

तिला ओशाळल्यासारखं झालं, तरी तिने पट्टी काढलीच. अकराही चिठ्ठ्या पंचाण्णव मिलिमीटर रुंद आणि एकशे चाळीस लांब निघाल्या. कोणी काही कापलं नव्हतं. पण मोजता मोजता दुसरंच काही दिसलं. छापलेल्या ओळी कागदाच्या कडेला समांतर नव्हत्या. मजकूर भिंतीला टेकलेल्या माणसासारखा किंचित कलता होता. तो कुठे कडेपासून तीन मिलिमीटरवर सुरू होत होता, कुठे अर्ध्या मिलिमीटरवर, आणि जिथे चिन्ह नव्हतं तिथे पहिला आकडाच कडेला टेकला होता. उजव्या डोळ्याची ओळ चिठ्ठीच्या वरच्या भागात होती, डाव्याची खाली. कागद तिरका गेला की एकच टोक बाहेर पडणार.

ती काउंटरवर आली. वहिनींनी तिच्या हातातल्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि कीबोर्ड पुढे ओढला, कोणी हिसकावून नेणार असल्यासारखा.

“फुटपट्टे, आता माझी पाळी का?”

“वहिनी, चिठ्ठीचा कागद बदललाय का?”

“मी काही बदललेलं नाही.”

“तुम्ही नाही म्हणत मी. पूर्वी अर्धा कागद मधोमध कापून तुम्ही चिठ्ठ्या करायच्या. त्या एकशे पाच रुंद असतात.”

वहिनींनी मालकांच्या खोलीकडे पाहिलं. “तीन आठवड्यांपूर्वी भाऊजींनी गठ्ठा आणून ठेवला इथे. त्यांच्या साडूच्या छापखान्यातली कात्रणं. ‘कापत बसायला नको, तयार चिठ्ठ्या आहेत,’ म्हणाले. आता भाऊजींच्या साडूचा कागद लहान आहे, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?”

प्रिंटरला खालचा ड्रॉवर होता, त्यात अर्धे कागद. चिठ्ठ्या पुढच्या फटीतून जायच्या. त्या फटीच्या दोन्ही बाजूंना सरकणाऱ्या पट्ट्या असतात, कागदाला धरून ठेवणाऱ्या. वहिनींनी त्या चिकटपट्टीने पक्क्या करून टाकल्या होत्या.

“सारख्या हलायच्या,” वहिनी म्हणाल्या.

मुलीने दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजलं. एकशे पाच. मग कॉम्प्युटरवर प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची सेटिंग, उघडला. कागदाचा आकार ए-सिक्स, म्हणजे तेही एकशे पाच बाय एकशे अठ्ठेचाळीस. मशीन कागद मधोमध आहे असं धरतं. कागद दहा मिलिमीटर अरुंद, म्हणजे दोन्हीकडे पाच-पाच कमी. प्रोग्राम मजकूर डावीकडून सहावर सुरू करतो. सहातून पाच गेले, उरला एक. चिठ्ठी सरळ गेली तर चिन्ह जेमतेम वाचणार, आणि दहा मिलिमीटरच्या मोकळ्या जागेत ती सरळ जाणार कशी?

“मग चिन्ह गेलं कुठे?” वहिनींनी विचारलं. “मशीनने छापलं तर असेल ना?”

प्रश्न चोख होता. मुलीने चष्म्यांसोबत परत आलेले अकरा अहवाल टेबलावरून उचलून उलटे केले. नऊ कागदांच्या पाठीवर, उजव्या कडेपासून अठ्ठावीस मिलिमीटरवर, एक फिकट राखाडी आडवी रेघ होती. उरलेल्या दोन कागदांवर नुसता डाग. चिठ्ठीबाहेर पडलेली शाई आतल्या रोलरला लागली होती आणि मागोमाग येणाऱ्या अहवालाने ती पाठीवर घेतली होती.

मालक बाहेर आले तेव्हा सहाला पंधरा मिनिटं कमी होती.

“कोर्ट भरलंय का?”

मुलीने सांगितलं. साडूचं नाव आलं तेव्हा वहिनींनी पदर नीट केला. मालक ऐकत होते, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता.

“हे तू मामांना वाचवायला रचतेयस.”

“तुमच्या खिशातला कागद आज इथेच छापलाय?”

“इथेच,” वहिनी पटकन म्हणाल्या. “दुपारी. चिठ्ठी काढली आणि लगेच हा.”

मालकांनी कागद काढला, घडी उलगडली आणि उलटा केला. मुलीने पट्टी पुढे केली. ती त्यांनीच लावली. उजव्या कडेपासून अठ्ठावीसवर रेघ होती.

त्यांनी कॉम्प्युटरसमोर बसून पासवर्ड टाकला, कारण नवीन आकार नोंदवायला मालकाचं खातं लागायचं. “सांग.”

“प्रिंटर्सच्या यादीत ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’. त्यात ‘फॉर्म्स’. नवीन फॉर्मवर टिचकी मारा. नाव लिहा, चिठ्ठी.”

त्यांनी रुंदी चौदा सेंटीमीटर आणि उंची साडेनऊ लिहिली आणि जतन केली. छापायला दिल्यावर मशीनने आडमुठेपणा केला, कागद आत ओढलाच नाही.

“तुझं यंत्रही माझ्यावर संशय घेतंय.”

“फटीत जी कड आधी शिरते, तिची लांबी म्हणजे रुंदी. आणि लांबीला तेरापेक्षा आखूड कागद या मशीनच्या रोलरांमध्ये पोचत नाही. साडेनऊ बाय चौदा करा.”

केलं. मग ड्रायव्हरमध्ये आणि प्रोग्रामच्या पानाच्या मापात, दोन्हीकडे ‘चिठ्ठी’ निवडलं. ‘पानात बसवा’ काढून ‘मूळ आकार’ ठेवलं. वहिनींनी चिकटपट्टी सोलून काढली. मुलीने गठ्ठा पिसून मोकळा केला, टेबलावर आपटून कडा एकसारख्या केल्या, फटीत ठेवला आणि पट्ट्या सरकवल्या. कागदाला टेकतील इतपत. कागद फुगला की केसभर मागे.

मामा दारात येऊन उभे होते. किती वेळ, कोणालाच कळलं नाही.

“सहा वाजले,” ते म्हणाले. “मला काही द्यायचं होतं ना?”

मालकांनी हातातला कागद दुमडला, फाडला, पुन्हा फाडला. “चाळीस चिठ्ठ्या तपासून द्यायच्यात मामा. आणि तेवढं अधिकचं चिन्हही छापायला सांगतो मी प्रोग्रामवाल्याला.”

“थोरल्या मालकांची पद्धत...”

“थोरले मालक साडूकडून कागद आणत नव्हते.”

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मामा पुढे झाले, चष्मा वर सरकवला आणि मुलीच्या खिशातून पट्टी न विचारता काढून घेतली. मशीन सुरू झालं. चिठ्ठ्या एकेक करून येत होत्या, मामा मोजत होते आणि मुलगी लिहून घेत होती.

चिठ्ठ्या चाळीस. उणे चिन्ह दिसलेल्या चाळीस. चिन्हापासून डाव्या कडेपर्यंतचं अंतर कमीत कमी साडेपाच मिलिमीटर, जास्तीत जास्त साडेसहा.