प्रमुखबाईंचा दाखला

बान मी-ओकने अनुभवाचा दाखला दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. कोरियातल्या देगू शहरातल्या निम्म्या लोकांचे कॅनडाचे अर्ज या बाईच्या हाताखालून गेले होते. ती चष्मा काढते म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तिच्याकडे येणारा प्रत्येकजण ओळखून होता.

"से-योंगताई, हा दाखला कुणी लिहिला?"

"क्वाकसाहेबांनी. स्वतः. दोन रविवार बसून."

"माणूस तुमच्यावर भारीच खूश दिसतोय. यात तुम्ही कर्मचारी नेमता, धोरणं ठरवता, डॉक्टर मंडळींशी करार करता. लॅबमध्ये माणसं किती?"

"तीन. साहेब, मी आणि शनिवारी हिशेबाला येणाऱ्या त्यांच्या पत्नी."

"म्हणजे कर्मचारी नेमलेत ते स्वतःलाच!" बान हसली, पण लगेच गंभीर झाली. "अर्जात आपण व्यवसाय टाकलाय दातांच्या तंत्रज्ञाचा. दाखल्यातली कामं त्याच्याशी जुळली नाहीत, तर अकरा वर्षांचा अनुभव त्यांच्या लेखी शून्य. गुण गेले, अर्ज गेला."

से-योंगचं तोंड उतरलं. कॅनडाकडून अर्जाचं निमंत्रण आल्यापासून साठ दिवसांची मुदत होती, त्यातले तेवीसच उरले होते. पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं राहायचं, तर ती आता चाळिशीला टेकली होती, आणि वयाबरोबर गुण घसरतच जातात. तिकडे विनिपेगमध्ये तिची बहीण सु-आ होती. आईच्या मागे तिनेच हिला वाढवलं होतं. नवरा वारल्यावर सु-आ एकटी पडली होती. नऊ वर्षांत दोघींची भेट नव्हती, आणि हल्ली फोनवर सु-आ मध्येच गप्प व्हायची.

घरी येऊन से-योंगने घाबरलेला माणूस करतो तेच केलं. कॅनडा सरकारच्या यादीत तंत्रज्ञाची जी कामं दिली होती, ती जशीच्या तशी उतरवून काढली आणि सकाळी साहेबांपुढे ठेवली.

"साहेब, एवढ्यावर सही हवी होती."

क्वाक ब्योंग-दू सत्तरीला आलेला, ताठ कण्याचा माणूस. कागद हातभर लांब धरून तो वाचू लागला.

"पदनाम, तंत्रज्ञ?" त्याने मान वर केली. "तुला मी प्रमुख केलं त्याला सहा वर्षं झाली. टेबलावर पाटी आहे तुझ्या. आणि परदेशात सांगू, की ही साधी तंत्रज्ञ?"

"तसंच लागतं तिथे."

"आणि हे काय? कवळ्या बनवणे. तू माझ्या लॅबमध्ये कवळी कधी केलीस गं? दात सरळ करायच्या तारा? तारेला तर आपण हातसुद्धा लावत नाही!"

"यादीत आहे म्हणून लिहिलं."

"यादीत उद्या हत्ती असेल, म्हणून तू हत्ती पाळलास का? नाही करणार सही."

से-योंगच्या डोळ्यांत पाणी आलं. रागही आला. स्वतः मात्र हा माणूस धोरणं आणि करार लिहून मोकळा झाला होता! तिने पिशवीतून उरलेले कागद काढले आणि एकेक करून त्याच्यासमोर मांडले: अकरा वर्षांची पगारपत्रकं, कर खात्याचे वर्षावर्षाचे उतारे, विम्याची नोंद.

"हे सगळं दाखल्याबरोबर जातं. सगळ्यांनी एकच गोष्ट सांगायला हवी. वहिनींनी पगारपत्रकात तंत्रज्ञच लिहिलंय, परवान्यावर आहे तसं. बघा तुम्हीच."

क्वाक बघू लागला. पदनाम त्याने बघितलंच नाही. त्याचं बोट पगाराच्या रकान्यावरून वर्षामागून वर्ष खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. प्रमुख केलं ते वर्ष. त्याच्या आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा एकच होता. त्याच्या पुढच्या वर्षीही तोच.

त्याने दाखल्याचा कागद पुन्हा पुढे ओढला.

"दाखल्यात पगार लिहावा लागतो?"

"हो. वर्षाचा. आणि आठवड्याचे तास."

"थोडा वाढवून लिहिला तर?"

"कराच्या उताऱ्यात खरा आहे, साहेब. खोटं सापडलं तर पाच वर्षं दार बंद."

म्हाताऱ्याने कागद नीट रचून ठेवले. "त्या साली दोन दवाखाने आपल्याला सोडून गेले होते. पगार वाढवायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून पद दिलं. पाटी तेवढी करून आणली. तू वाकून आभार मानलेस, तेव्हा मला फार लाज वाटली होती."

हे से-योंगला सहा वर्षांपूर्वीच समजलं होतं. पण ते बोलून दाखवण्याइतकी ती निष्ठुर नव्हती.

"मला ती पाटी आवडते," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

"बस तुझ्या जागेवर," तो एकदम खेकसला. "हातात काय काम आहे? वरची पुढची कॅप? कर. मी बघून लिहितो. यादी नको न् काही नको."

ती बसली. क्वाकने स्टूल ओढलं आणि वही मांडीवर घेतली. तिने साच्यावर सिरॅमिकचा थर चढवला, त्याने लिहिलं. तिने रंगाची पट्टी धरून दाताची छटा जुळवली, त्याने लिहिलं. भट्टीचं तापमान लावलं, दात खालच्या दातावर टेकवून चावा तपासला, टोकाला अगदी किंचित घासलं.

"ते कशाला घासलंस?"

"बाई पंचावन्नची आहे. शेजारचे दात झिजलेत. हा एकटा नवाकोरा दिसला तर खोटा वाटेल."

त्याने तेही लिहिलं. मध्येच पुटपुटला, "एवढं सगळं करतेस होय? मी नुसता तयार दात बघत आलो."

संध्याकाळी लेटरहेडवर दाखला तयार झाला. रुजू झाल्याची तारीख, चाळीस तास, खरा पगार, नऊ कामं. शेवटी त्याने एक ओळ हट्टाने घातली: 'आम्ही तिला आदराने प्रमुख म्हणतो, काम ती तंत्रज्ञाचे करते.' खाली शिक्का, सही आणि त्याचा फोन नंबर.

बान मी-ओकने दाखला वाचला. चष्मा या वेळी नाकावरच राहिला. "यादीतली बरीच कामं यात आली आहेत, पण भाषा तुमच्या साहेबांची आहे. असाच हवा. आता भाषांतर करून घेऊ. आणि त्यांना सांगा, पडताळणीसाठी कधी कधी फोन येतो."

झालं! अनोळखी नंबर कधीही न उचलणारा क्वाक त्या दिवसापासून प्रत्येक फोन पहिल्या घंटेला उचलू लागला. विमा विकणाऱ्या मुलींशीसुद्धा तो उभा राहून बोलायचा. भिंतीवर त्याने ती नऊ कामं इंग्रजीत लिहून डकवली आणि कॅप घासता घासता घोकू लागला.

फोन काही आला नाही. सात महिन्यांनी मंजुरी तेवढी आली.

"मला कुणी विचारलंच नाही," क्वाक म्हणाला. खूश होता, पण जरा हिरमुसला होताच.

निघताना से-योंगने टेबलावरची पाटी मागितली. त्याने ती फडक्याने पुसून दिली.

विनिपेगला पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने नवा फोन घेतला आणि सु-आच्या स्वयंपाकघरातून पहिला फोन लॅबला लावला. सु-आ समोर बसून आंबवलेल्या कोबीची किमची कापत होती. पलीकडे घंटा एकदाच वाजली. ती जेमतेम "हॅलो" म्हणाली असेल.

परदेशी नंबर बघून तिकडे क्वाक ब्योंग-दू खुर्चीतून उठल्याचा आवाज आला. पडताळणीचा फोन समजून त्याने घसा खाकरला आणि घोकलेल्या, अडखळत्या इंग्रजीत सुरुवात केली. "येस. से-योंग. अकरा वर्षं. माझ्या लॅबमध्ये. एक, सिरॅमिकचा थर चढवणे..."

मध्ये बोलावं असं तिच्या मनात आलं. पण तिने त्याला अडवलं नाही. फोन कानाशी धरून तिने नऊच्या नऊ कामं ऐकून घेतली. नववं संपल्यावर तो क्षणभर थांबला, आणि भिंतीवर नसलेलं एक वाक्य त्याने आपलं आपण जुळवलं.

"ती चांगली आहे, साहेब. पगार कमी होता, तो दोष माझा."