हॅलो म्हणून गप्प बसणाऱ्यांसाठी एक वाक्य

डोळ्यांच्या दवाखान्याला फोन लावला की जी बाई बोलते, ती मशीन आहे. तिच्या तोंडची वाक्यं मी लिहितो. घरी आई सगळ्यांना सांगते, मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे.

अडचण अशी होती. मशीन म्हणायची, "मी आपली काय मदत करू?" लोक म्हणायचे, "हॅलो." आणि गप्प. नुसत्या हॅलोवरून काय हवंय ते मशीनला कळायचं नाही. ती म्हणायची, "माफ करा, समजलं नाही." लोक आणखी गप्प. "आपला आवाज आला नाही." तरी गप्प. मग फोन कट.

दवाखान्याने कळवलं, शुक्रवारपर्यंत सुधारा, नाहीतर लाइन बंद. लाइन बंद म्हणजे मी घरी.

"लोकांना बोलायला काय धाड भरते?" साहेब म्हणाले.

"समोरून हॅलो यायची वाट बघतात."

"मग म्हणू दे तिला हॅलो."

म्हणू दिलं. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने रेकॉर्डिंग ऐकवलं. एक काका आणि मशीन एकमेकांना हॅलो म्हणत होते. दोघंही सभ्य, कोणी मागे हटेना. शेवटी काका म्हणाले, "बरं, ठेवतो."

साहेबांनी डोकं धरलं. मी नवीन वाक्य लिहिलं: "हॅलो, मी दवाखान्याची मशीन बोलतेय. तपासणीसाठी वेळ हवी आहे, की घेतलेली वेळ बदलायची आहे?"

"आणि तरी गप्प बसले तर?"

"तर म्हणेल, सावकाश सांगा, मी थांबते. माणसाशी बोलायचं असेल तर 'माणूस' म्हणा. त्यानंतरही गप्प, तर आपणहून माणसाला जोडेल. कट करायचं नाही."

"सगळेच माणूस मागतील."

"काही जण वेळसुद्धा मागतील, साहेब."

मागितली. बहुतेकांनी मशीनलाच सांगून वेळ घेतली. शुक्रवारी दवाखान्याचा फोन आला: लाइन चालू ठेवा. मी पेढ्यांचा विचार करत होतो, तेवढ्यात साहेब म्हणाले, "दवाखान्याकडे जास्तीचा माणूस नाही. ते म्हणतात, माणूस तुम्हीच द्या."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इंजिनिअरने खुर्ची सरकवून दिली. हेडफोन आधीच पुसून ठेवला होता.

पहिलाच फोन एका आजींचा. मशीनपुढे दोनदा गप्प बसून माझ्यापर्यंत आलेल्या.

"हॅलो," मी म्हणालो.

"हॅलो," आजी म्हणाल्या.

आणि गप्प.

तपासणीची वेळ विचारायची, हे मला ठाऊक होतं. वाक्य माझंच होतं. पण खरा माणूस समोर आल्यावर मला काही सुचेना. मीही गप्प.

"बाळा," आजी शेवटी म्हणाल्या, "मघाची ती मुलगी आहे का तिथे? ती निदान काहीतरी विचारत होती."

मी फोन मशीनला जोडून दिला.